पायाच्या खोदाईची माती प्लॉटवरच वापरली : जोत्याचा भराव आणि कुंपणाच्या मातीच्या विटा

घर पुरंदर तालुक्यात, सासवडच्या पुढे, उताराच्या जागेवर. घराचा आकार २४ फूट बाय ३६ फूट, आरसीसी सांगाडा, बारा कॉलम. खोदाईतून निघणारी माती प्लॉटबाहेर न्यायची नाही आणि भरावाला मुरूम विकत घ्यायचा नाही, असं सुरुवातीलाच ठरवलं. उरलेल्या मुरमाच्या विटा पाडून मागच्या बाजूचं कुंपण बांधायचं. असंच काम काढणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून या नोंदी.

६ जानेवारी २०२५

खोदाईआधी जागेवर तीन चाचणी खड्डे घेतले. एक वरच्या अंगाला, एक मधे, एक खालच्या अंगाला. टिकाव-फावड्याने प्रत्येकी छातीइतके.

उताराच्या जागेत माती सगळीकडे सारखी नसते. वरची माती पावसाने धुपून खाली उतरलेली असते. आमच्याकडे वरच्या अंगाला जेमतेम अर्धा फूट काळी माती आहे आणि लगेच खाली तांबूस-पिवळा मुरूम लागतो. खालच्या अंगाला तीच काळी माती दोन फूट खोल आहे. काळी माती आणि मुरूम यांच्या मधे वीतभर जाडीचा एक थर आहे. त्यात काळी माती, मुरमाचे खडे आणि पांढऱ्या चुनखडीचे गोळे एकत्र आहेत. या मधल्या थराने पुढे सर्वांत जास्त त्रास दिला, म्हणून त्याचा इथेच उल्लेख करून ठेवते.

मधल्या खड्ड्यात चार फुटांवर मुरमाचा रंग बदलतो. तांबूस जाऊन हिरवट राखाडी लागतो. हातात घेतला तर ढेकूळ घट्ट वाटतं. त्यातली मूठभर ढेकळं घरी आणली आणि वेगळ्या बादलीत तांबूस मुरमाची ढेकळं ठेवून दोन्हींत पाणी घातलं.

७ जानेवारी

सकाळी तांबूस ढेकळं जशीच्या तशी होती, फक्त पाणी किंचित गढूळ. हिरवट ढेकळांचा मात्र तळाला गाळ झालेला. म्हणजे हा मुरूम खोदताना कठीण लागतो, पण हवापाणी लागलं की विरतो. तो फरशीखालच्या वरच्या थरांत घालायचा नाही आणि विटेत तर अजिबात नाही. पायाच्या खड्ड्यांत फुटिंगच्या वर भरायला चालेल, कारण तिथे बीम वजन घेतो आणि फरशी त्या मातीवर टेकत नाही.

मिस्त्रींना हे दाखवलं. ते म्हणाले, "ताई, आम्ही याला कच्चा मुरूम म्हणतो. रोडवाले घेत नाहीत हा." मग वेगळी चाचणी कशाला, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. पण जेसीबीवाल्याला "कच्चा बाजूला टाक" म्हणून भागत नाही. कोणता कच्चा, हे त्याला बादली दाखवूनच पटलं.

९ जानेवारी

काळ्या मातीची फुगण्याची चाचणी. प्रयोगशाळेत ती मोजनळीत करतात, घरीही जमते. माती वाळवून कुटली, बारीक चाळणीतून चाळली. दोन मोजनळ्यांत दहा-दहा ग्रॅम टाकली. एकीत पाणी, दुसरीत रॉकेल. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, म्हणून ते मापाचा आधार. ढवळून चोवीस तास तशीच ठेवली.

रॉकेलमध्ये मातीचा थर १२ मिलिलिटरवर थांबला, पाण्यात २० वर. फुगवटा दोन तृतीयांश. पन्नास टक्क्यांच्या वर गेली की ती माती धोक्याची धरतात. तांबूस मुरमाची चाळलेली पूड पाण्यात १३ वर आली.

याचा अर्थ कामापुरता सरळ आहे. काळी माती फरशीखाली राहिली तर पावसाळ्यात ती फुगून फरशी उचलते आणि उन्हाळ्यात आकसून खाली पोकळी सोडते. आमच्या भागातल्या जुन्या घरांत फरशी मधोमध फुगलेली आणि भिंतीकडेला खचलेली दिसते, ती बहुतेक ठिकाणी यामुळेच. म्हणून घराच्या पूर्ण क्षेत्रातली काळी माती आधी काढायची, फक्त कॉलमच्या खड्ड्यांतली काढून भागणार नाही. यामुळे भराव वाढतो, हे मान्य. मिस्त्रींचा सल्ला होता की काळ्यावरच दोन फूट मुरूम टाकून दाबावा. मी ऐकला नाही.

१५ जानेवारी

जेसीबी आला. एक दिवस फक्त काळी माती, ढीग नंबर एक, परसबागेच्या कोपऱ्यात. दुसऱ्या दिवशी मधला मिश्र थर, ढीग नंबर दोन. मग कॉलमचे खड्डे, पाण्याची टाकी, सेप्टिक टाकी आणि घरामागचं अंगण सपाट करायला वरच्या अंगाचा कापा. तांबूस मुरूम ढीग नंबर तीन, हिरवट ढीग नंबर चार.

जेसीबीचं भाडं तासावर असतं. चार ढीग वेगळे ठेवल्याने बकेट जास्त फिरते आणि अर्ध्या दिवसाचं भाडं वाढलं. हा खर्च वाचवू नये. एकदा चारही माती एकत्र झाली की ती परत वेगळी करणं माणसाच्या हाताने शक्य नाही, आणि मग सगळाच ढीग फक्त खड्डा बुजवायच्या लायकीचा उरतो.

ढिगांना पाट्या लावल्या, चुन्याने नंबर टाकले. तरी दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर मिश्र थराच्या दोन-तीन बकेट तीन नंबरच्या ढिगाच्या कडेला पडल्या. ढिगावर त्या वेगळ्या दिसत होत्या, म्हणून तेवढी कड फावड्याने ओढून बाजूला केली. पूर्ण निघाली नव्हती, हे एप्रिलमध्ये कळलं.

कायद्याचं एक. महाराष्ट्रात माती आणि मुरूम गौण खनिजात येतात. खोदाईची माती त्याच प्लॉटवर सपाटीकरणाला किंवा बांधकामात वापरली तर त्यावर स्वामित्वधन लागत नाही. पुण्याच्या बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये म्हटलं की माती नुसती खोदली म्हणून सरसकट आकारणी करता येत नाही, तिचा वापर कशासाठी झाला हे तपासावं लागतं. पण ट्रॉली प्लॉटच्या बाहेर गेली की परवाना आणि वाहतूक पास हवाच, मग माती विकलेली असो की शेजाऱ्याला फुकट दिलेली. शेजारच्या आप्पांनी दोन ट्रॉली काळी माती शेतासाठी मागितली होती. तहसीलमध्ये विचारल्याशिवाय देता येणार नाही, असं त्यांना सांगितलं. खोदाईचे फोटो आणि मंजूर नकाशाची प्रत जागेवर ठेवली आहे.

२० जानेवारी

हिशेब. इथे बऱ्याच जणांची गल्लत होते, म्हणून सविस्तर. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट.

ठेकेदाराने तीन आणि चार नंबरचे ढीग टेपने मोजले आणि म्हणाला, "पंचेचाळीस ब्रास मुरूम आहे, भरून उरेल." ढीग मोजून हिशेब करायचा नसतो. खोदलेला मुरूम सैल होतो, मधे हवा शिरते. मी खड्ड्यांची मापं घेतली. बारा खड्डे, दोन टाक्या आणि मागचा कापा मिळून काळी व मिश्र माती वगळता मुरूम भरला साधारण ३५ ब्रास. म्हणजे जमिनीत जो ३५ होता तो ढिगावर ४५ दिसतोय. पाणी मारून धुमसला की परत ३५ च्या आसपास येणार.

आता गरज. कॉलमच्या खड्ड्यांत काँक्रीट वगळून ९ ब्रास परत जातो. जोत्यात, काळी माती काढल्यामुळे वाढलेली खोली धरून आणि वरचं सोलिंग व काँक्रीट वगळून, सरासरी तीन फूट भराव लागतो. आतलं क्षेत्र साधारण ८०० चौरस फूट, म्हणजे २४ ब्रास. एकूण ३३. उरतो दोन ब्रास. ठेकेदाराच्या हिशेबाने बारा ब्रास उरत होता आणि तो त्यातून पुढच्या अंगणाला उंची द्यायला निघाला होता. तसं केलं असतं तर जोतं भरता भरता मुरूम संपला असता आणि पोच मुरूम ब्रासला हजाराच्या पुढच्या दराने आणावा लागला असता.

पुढचं अंगण आहे तसंच उतरतं ठेवायचं ठरलं. त्यावर पाणीही थांबणार नाही. विटांसाठी तांबूस मुरमातला दोन ब्रास आधीच वेगळा काढून ताडपत्रीखाली झाकला.

२४ फेब्रुवारी

फुटिंग, कॉलम आणि जोत्याचे बीम झाले. खड्डे हिरवट मुरमाने भरले. खालच्या अंगाला बीमच्या खाली मोकळी जागा राहते, तिथून भराव बाहेर ढासळतो. म्हणून आधी दगडी बांधकाम करून ती बाजू बंद केली. ते आठवडाभर मुरू दिलं आणि आजपासून जोत्याचा भराव सुरू.

पद्धत ठरली ती अशी. सैल मुरमाचा थर सहा इंच, त्याहून जास्त नाही. बीमच्या आतल्या बाजूला सहा-सहा इंचांवर चुन्याच्या रेघा मारल्या, म्हणजे कामगाराला विचारावं लागत नाही. तळहातापेक्षा मोठी ढेकळं फोडायची. संध्याकाळी पाणी शिंपडायचं, रात्रभर मुरू द्यायचं, सकाळी प्लेट कॉम्पॅक्टर फिरवायचा. सहा इंचांचा थर दाबून साडेचार इंच होतो. मग पुढचा थर.

मिस्त्रींचं म्हणणं वेगळं होतं. "ताई, एकदम भरून टाकू आणि पाणी सोडू. दोन दिवस तळं करून ठेवलं की बसतो आपोआप." आमच्याकडे सगळे हेच करतात. खडीसारख्या धुतलेल्या मालाला ते चालतं. आमच्या मुरमात बारीक मातीचा अंश आहे. त्यात पाणी सोडलं की वरचा फूटभर चिखल होतो आणि खालची ढेकळं एकमेकांवर टेकून पोकळ्या तशाच राहतात. वरून सगळं बसल्यासारखं दिसतं. दोन-तीन पावसाळ्यांनी त्या पोकळ्या ढासळतात आणि फरशीवर चाललं की पोकळ आवाज यायला लागतो.

पाणी किती, याचं माप हातात असतं. मूठभर मुरूम दाबून लाडू करायचा. लाडू टिकला आणि हाताला ओल लागली पण पाणी सुटलं नाही, तर बरोबर. बोटांमधून चिखल निघाला तर तो थर दुपारपर्यंत उन्हात सोडायचा. ओल्या थरावर मशीन फिरवलं तर ते गादीवर चालल्यासारखं होतं, खालचं काही दाबलं जात नाही.

३ मार्च

अर्धा भराव झाला. घट्ट बसला का, हे बघायला १२ मिलिमीटरची सळई रोज ठोकतो. एकाच माणसाने एकाच हातोड्याने पाच ठोके मारायचे आणि सळई किती शिरली ते लिहायचं. मधल्या भागात बोटभर शिरते. ईशान्येच्या कोपऱ्यात, कॉलमजवळ, वीतभर शिरली.

नुसत्या सळईवर निर्णय घ्यायचा नव्हता, म्हणून घनता मोजली. मुरमात खडे असल्याने नळी ठोकून नमुना निघत नाही, त्यामुळे वाळूची पद्धत. भरावात हाताने छोटा खड्डा करायचा, निघालेला सगळा मुरूम वजन करून तव्यावर कोरडा होईपर्यंत भाजायचा आणि परत वजन घ्यायचं. मग त्या खड्ड्यात कोरडी, चाळलेली वाळू हलकेच ओतून काठोकाठ भरायची. किती किलो वाळू बसली त्यावरून खड्ड्याचं आकारमान निघतं. त्यासाठी तीच वाळू आधी एक लिटरच्या मापात तशीच ओतून तिचं वजन घेतलं होतं, ते १.४५ किलो भरलं.

मधल्या भागातला खड्डा. मुरूम ओला ३.१ किलो, कोरडा २.८. वाळू बसली २.३५ किलो, म्हणजे खड्डा १.६२ लिटर. कोरडी घनता लिटरला १.७३ किलो. याच मुरमाचा नमुना आधी प्रयोगशाळेत देऊन जास्तीत जास्त किती दाबला जातो ते काढून घेतलं होतं. ते १.८२ आलं होतं. म्हणजे आपण ९५ टक्क्यांवर आहोत. फरशीखाली एवढं पुरेसं आहे.

कोपऱ्यातला खड्डा १.५६ आला. ८६ टक्के. तिथे प्लेट कॉम्पॅक्टर कॉलमला अडतो, आत जात नाही. कामगारांनी हाताची धुमस वापरली होती, पण तिथले थर रेघेपेक्षा जाड पडले होते. धुमसचा दाब वरच्या तीन-चार इंचांपलीकडे पोचत नाही.

८ मार्च

कोपरा उकरला. कॉलमभोवती तीन फुटांपर्यंतचे सगळे वरचे थर काढले आणि चार-चार इंचांच्या थरांत परत भरले, प्रत्येक थर हाताच्या धुमसने. बाकीच्या अकरा कॉलमभोवतीही सळई मारली. आणखी दोन ठिकाणी तसंच निघालं, तीही उकरली. या सगळ्यात जवळजवळ आठवडा गेला आणि चार माणसांची मजुरी वाढली. वर काँक्रीट पडल्यावर हे करता येत नाही.

आता नियम केला की आधी कोपरे आणि कॉलमभोवतीचा भाग चार इंचांच्या थराने हाताने भरायचा, मग मधला भाग मशीनने. पूर्वी मधला आधी होत होता आणि कोपरे संध्याकाळी घाईत उरकले जात होते.

१८ मार्च

जोतं भरून झालं. सोलिंग सुरू. आता विटा.

झाकून ठेवलेला तांबूस मुरूम ५ मिलिमीटरच्या चाळणीतून चाळला. जवळजवळ एक तृतीयांश खडे म्हणून वर राहिला, तो अंगणाच्या सोलिंगला जातोय. चाळलेल्याची बाटली चाचणी घेतली. उभ्या काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा माती, वर पाणी, चिमूटभर मीठ, जोरात हलवून सपाट जागी ठेवायची. पहिल्या मिनिटात जे तळाला बसतं ती वाळू. तिथे खूण करायची. अर्ध्या तासात त्यावर गाळ बसतो, आणि पाणी नितळ व्हायला एक-दोन दिवस लागतात तेव्हा चिकणमाती. आमच्या बरणीत वाळू निम्म्याहून थोडी जास्त निघाली. सिमेंट घालून दाबलेल्या विटेला दोन तृतीयांशाच्या आसपास वाळू हवी आणि चिकणमाती दहा-पंधरा टक्के पुरते. म्हणून क्रशरची डस्ट मिसळायची.

किती मिसळायची हे लाकडी पेटीने ठरवलं. पेटी ६० सेंटिमीटर लांब, चार रुंद, चार खोल. आतून तेल लावून ओली माती ठासून भरायची आणि सावलीत वाळवायची. नुसती चाळलेली माती अडीच सेंटिमीटर आकसली आणि मधोमध चीर पडली. तीन घमेली मुरमाला एक घमेलं डस्ट घातल्यावर एक सेंटिमीटर आकसली, चीर नाही. हेच प्रमाण धरलं. सिमेंट वजनाने सात टक्के.

चुनखडीच्या खड्यांबद्दल मिस्त्री साशंक होते. भट्टीच्या विटेत चुनखडीचा खडा राहिला तर भाजताना त्याचा कळीचा चुना होतो आणि पुढे पाणी लागलं की तो फुगून वीट फोडतो, हे त्यांनी पाहिलेलं आहे. आपली वीट भाजायची नाही, त्यामुळे तो खडा खडाच राहतो. त्याची काळजी नाही.

२७ मार्च

हाताने दाबायचं यंत्र भाड्याने आणलं. लांब दांडा असलेलं, बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत विकसित झालेल्या मर्दिनी यंत्राच्या धर्तीचं. वीट २३० बाय १९० बाय १०० मिलिमीटर, वाळल्यावर आठ किलोच्या आसपास. सिमेंटच्या एका पोत्यात नव्वदेक विटा होतात.

यंत्रात घमेल्याच्या अंदाजाने माल भरायचा नाही. साच्याचं आकारमान ठरलेलं असतं, त्यामुळे आत किती किलो माल गेला त्यावरच विटेची घट्टी ठरते. डिजिटल काट्यावर डबा ठेवून प्रत्येक विटेला नऊ किलोला थोडा कमी ओला माल मोजून घालतो. अर्धा किलो कमी पडला तर दांडा सहज खाली येतो, वीट दिसायला तशीच असते, आणि भिजवली की कड निघते. दांड्याला दोन माणसांनी लटकावं लागणं हीच भरणा बरोबर असल्याची खूण.

३ एप्रिल

पहिल्या विटांपैकी काही सात दिवसांनी रात्रभर पाण्यात ठेवल्या. सकाळी तोंडावर देवीच्या व्रणांसारखे खळगे. एका खळग्यात सुरीचं टोक घातलं तर आतून हरभऱ्याएवढी काळी, चिकट गोळी निघाली. ती मऊ झाली होती आणि फुगून वरची कपची उडवून बाहेर आली होती. वीट मोडून पाहिली तर आतही तशाच गोळ्या. मिश्र थराची माती. जानेवारीत तीन नंबरच्या ढिगाच्या कडेला पडलेल्या बकेटचा राहिलेला भाग यात आलाय. सुकी काळी गोळी ५ मिलिमीटरच्या चाळणीतून खुशाल जाते, आणि सिमेंट तिच्या पृष्ठभागालाच लागतं, आत पोचत नाही.

दुसरी खोट वेगळी. काही विटांना खळगे नाहीत, पण सगळीच वीट भुसभुशीत, नखाने कोपरा निघतो. त्या दुपारी पाडलेल्या. सकाळी पूर्ण पोत्याचा माल एकदम कालवला जात होता आणि त्यातला शेवटचा हिस्सा यंत्रात जाईपर्यंत दोन-अडीच तास उलटत होते. मार्चच्या उन्हात तोपर्यंत सिमेंट धरायला लागलेलं असतं आणि ओलही उडालेली असते. वरून परत पाणी मारून दाबलं तरी ते सिमेंट वाया गेलेलं.

हा पहिला लॉट झाडांच्या आळ्यांना कड म्हणून लावला. कुंपणात नाही.

८ एप्रिल

बदल. राहिलेला मुरूम ताडपत्रीवर पातळ पसरून काळपट दिसेल ते हाताने वेचलं, मग माल धुमसून, गोळ्या फोडून, ३ मिलिमीटरच्या चाळणीने परत चाळला. कंटाळवाणं काम आहे आणि मुरूमही कमी भरला. पण त्यानंतर भिजवलेल्या एकाही विटेला खळगा नाही.

माल कोरडाच कालवून ठेवायचा, सिमेंट आणि पाणी फक्त पंधरा-वीस विटांपुरत्या मालात, आणि तो अर्ध्या तासात संपवायचा. काम सकाळी सहा ते दहा आणि वर हिरवी जाळी. ओल तपासायला लाडू करून छातीच्या उंचीवरून कठीण जमिनीवर टाकायचा. तीन-चार तुकडे झाले तर बरोबर. चपटा होऊन एकसंध राहिला तर पाणी जास्त, भुगा झाला तर कमी.

ताजी वीट दोन्ही तळव्यांनी बाजूंना धरून उचलायची, कोपरे धरायचे नाहीत. पहिले दोन दिवस प्लॅस्टिकखाली, मग गोणपाटाखाली रोज दोन वेळा पाणी, एकवीस दिवस. इथे वाराही खूप असतो. वाऱ्याच्या बाजूची रांग दुपारी पांढरी पडलेली दिसली की तिथे तिसरं पाणी.

९ मे

अठ्ठावीस दिवस झालेल्या विटा जवळच्या प्रयोगशाळेत दिल्या. तिथे सांगताना "भिजवून दाबा" असं स्पष्ट लिहून द्यावं लागतं. मातीची कोरडी वीट नेहमीच भारी आकडा देते आणि तो आकडा पावसाळ्यात कामाचा नाही. ओल्या विटांची दाब सोसण्याची ताकद सरासरी ३.८ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर आली. अशा विटांचं भारतीय मानक आयएस १७२५, त्यातला खालचा वर्ग ३.५ चा आहे. पाणी शोषण बारा टक्क्यांच्या जवळ. कुंपणाला पुरेसं. घराच्या भिंतींना मी या विटा वापरत नाही, कारण हा आकडा एका ढिगातल्या आणि माझ्या देखरेखीखाली पाडलेल्या विटांचा आहे. रोज वेगळ्या टोळीकडून हजारोंनी पाडल्या तर हाच आकडा येईल याची खात्री देता येत नाही.

खर्च. सिमेंट, डस्ट, मजुरी आणि यंत्राचं भाडं धरून एक वीट वीस रुपयांच्या थोडी आत पडली. आकाराने ती गावठी विटेच्या अडीच पट आहे. तेवढ्या गावठी विटा बावीस-तेवीस रुपयांना पडल्या असत्या. म्हणजे नुसत्या विटांत बचत किरकोळ, आणि वाया गेलेला लॉट धरला तर शून्याच्या जवळ. खरा फायदा जोत्यात झाला. चोवीस ब्रास मुरूम आणावा लागला नाही आणि तेवढीच माती डंपरने बाहेर पाठवावी लागली नाही.

२७ मे

पाऊस अंदाजापेक्षा फार लवकर आला. काल मान्सून मुंबईत पोचलासुद्धा, आणि आमच्याकडे गेले काही दिवस जोराच्या सरी चालूच आहेत. कुंपण निम्मं झालंय. दीड फूट दगडी थर, त्यावर मातीच्या विटा, सिमेंट-मातीच्या मसाल्यात. वरची काँक्रीटची टोपी अजून बाकी, म्हणून उघड्या डोक्यावर पत्रे टाकून दगड ठेवले. पत्रा जिथे उडाला तिथल्या वरच्या थराच्या सांध्यातला मसाला दीड-दोन सेंटिमीटर धुपला. विटा शाबूत. सांधे खरवडून परत भरायचे.

जोत्याभोवती मात्र एक गोष्ट दिसली. खालच्या अंगाला, पायाचा चर बुजवताना बाहेरच्या बाजूला सर्रास पडते तशी काळी माती एका ठिकाणी पडली होती. तिथे भिंतीलगत उन्हाळ्यात बोट जाईल एवढी फट पडली होती आणि आता पावसाचं पाणी थेट त्या फटीत उतरत होतं. ती माती दोन फूट रुंदीने काढली, हिरवट मुरूम धुमसून भरला आणि बाहेरच्या बाजूला उतार दिला. काळी माती घराच्या आत नको तशी भिंतीला चिकटूनही नको.

२० जुलै

कुंपणाची टोपी दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच बाहेर काढली आहे, त्याखाली पाण्याची खाच आहे. भिंत कोरडी राहतेय. तळाच्या विटांच्या पहिल्या थरावर जमिनीवरून उडणाऱ्या चिखलाचे शिंतोडे आहेत, झीज नाही. दीड फूट दगड पुरतो, पण फक्त एक फूट ठेवला असता तर शिंतोडा विटांवर जास्त आला असता.

घरात सगळीकडे फरशीवर नाणं आपटत फिरले. पोकळ आवाज कुठेच नाही, ईशान्येच्या कोपऱ्यातही नाही.

काळ्या मातीचा ढीग परसबागेच्या वाफ्यांत फूटभर जाडीने पसरला, वांगी आणि वाल लावले आहेत. ढीग नंबर दोन, मिश्र थराचा, अजून पडून आहे. भरावाला नको, विटेला नको. प्लॉटच्या खालच्या कडेला बांध घालून त्यामागे तो टाकणार आहोत आणि वर गवत लावणार, म्हणजे उतारावरचं पाणी आप्पांच्या शेतात एकदम जाणार नाही. गेटच्या दोन खांबांना विटा कमी पडल्या. चांगला मुरूम संपल्यामुळे ते गावठी विटांत बांधतोय.